थोडी दारू हृदयाला चांगली असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत गेली पंचवीस-एक वर्षं मी फिजिशियन म्हणून काम करतो. तासगाव, पलूस, कवठे महांकाळ, जत, सगळीकडून पेशंट येतात. बीपी, शुगर, औषधं यांवर बोलणं झालं, बायको गोळ्या आणायला मेडिकलकडे गेली, की आवाज खाली घेऊन एक प्रश्न येतोच. "डॉक्टर, थोडी घेतली तर चालतंय न्हवं? हार्टला चांगली असती म्हणं."

हा गैरसमज पसरवण्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत "रोज एखादा पेग असेल तर हरकत नाही" असं मी कितीतरी जणांना सांगितलं. आम्ही शिकलो ती पुस्तकं तसंच सांगत होती. आता मी तसं सांगत नाही. का, ते दर वेळी दोन मिनिटांत समजावून होत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

ही गोष्ट मुळात आली कुठून? कुणीतरी अभ्यास केला असेलच ना?

केला होता, आणि एकाने नाही, शेकडो जणांनी. १९२६ साली अमेरिकेत रेमंड पर्ल या जीवशास्त्रज्ञाने बाल्टिमोरच्या लोकांची माहिती जमवून दाखवलं की बेतानं पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त जगतात. पुढे १९७० नंतर मोठमोठ्या लोकसमूहांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारे अभ्यास सुरू झाले, आणि त्यांतून तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसू लागलं. आलेख काढला तर तो इंग्रजी जे अक्षरासारखा दिसे. न पिणाऱ्यांचा धोका जरा वर, थोडी पिणाऱ्यांचा सगळ्यांत खाली, आणि जास्त पिणाऱ्यांचा झपाट्याने वर.

मग १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात सांगितलं गेलं की फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि त्याचं कारण बहुधा त्यांची रेड वाइन. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लोर्जेरिल यांचा याच विषयावरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथून ही गोष्ट जगभर गेली, आणि फिरत फिरत आपल्याकडच्या बारच्या टेबलापर्यंत पोहोचली. वाटेत 'रेड वाइन' गळालं आणि 'क्वार्टर' शिरली, एवढाच फरक.

फ्रान्सच्या कोड्याचीही नंतर बरीच उकल झाली. तिथे हृदयविकाराने झालेले काही मृत्यू दाखल्यावर वेगळ्याच नावाखाली नोंदले जात होते. शिवाय फ्रेंचांच्या जेवणात प्राणिज चरबी वाढली तीच मुळी उशिरा. तिचा परिणाम रक्तवाहिन्यांवर दिसायला काही दशकं जातात.

म्हणजे ते शेकडो अभ्यास खोटे होते?

खोटे नव्हते. आकडे खरे होते, मोजणीही प्रामाणिक होती. चूक होती ती तुलना कुणाशी केली यात. या पानावर एकच गोष्ट वाचणार असाल तर हीच वाचा.

एक उदाहरण घेऊ. तासगावच्या बाजूचे एक आण्णा आहेत असं समजा. पंचेचाळिशीपर्यंत रोज संध्याकाळी त्यांचं 'बसणं' व्हायचं. मग कावीळ झाली, पाठोपाठ शुगर निघाली, डॉक्टरांनी दम भरला, घरच्यांनी गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली. आण्णांनी दारू सोडली. पाच वर्षांनी आरोग्य सर्वेक्षण करणारा मुलगा दारात आला आणि त्याने छापील प्रश्न वाचला, "सध्या दारू पिता का?" आण्णा म्हणाले, "न्हाई बा." त्याने 'न पिणारे' या चौकटीत खूण केली. पुढे छप्पन्नाव्या वर्षी आण्णांना झटका आला.

हा झटका कुणाच्या खात्यावर पडला? न पिणाऱ्यांच्या. खाल्लं एकाने, उधारी लिहिली दुसऱ्याच्या नावावर.

आता हेच गावभर करून पाहू. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. गावात पन्नाशी ओलांडलेले ४०० पुरुष आहेत. त्यांतल्या २०० जणांनी जन्मात कधी दारू घेतलेली नाही. ५० जण आण्णांसारखे, तब्येत बिघडल्यावर सोडलेले. उरलेले १५० बेतानं घेणारे. आणि क्षणभर असं धरू की दारूचा हृदयाशी काडीचाही संबंध नाही, ना चांगला ना वाईट.

दहा वर्षांत तब्येतीने ठीक असलेल्या शंभरातल्या १० जणांना झटका येतो असं मानू. आजन्म न पिणाऱ्या २०० जणांत झाले २०. बेतानं पिणाऱ्या १५० जणांत झाले १५. सोडलेल्या ५० जणांची तब्येत आधीच खालावलेली, त्यांच्यात शंभरी ३० धरले तर झाले १५.

सर्वेक्षणाच्या कागदावर मात्र दोनच रकाने आहेत. 'न पिणारे' म्हणजे २०० अधिक ५०, एकूण २५०. त्यांच्यात झटके ३५, म्हणजे शंभरी १४. 'पिणारे' १५०, झटके १५, शंभरी १०. दहा भागिले चौदा केलं की निष्कर्ष निघतो, बेतानं पिणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जवळजवळ २९ टक्क्यांनी कमी! आणि आपणच सुरुवातीला ठरवलं होतं की दारूचा काहीही परिणाम नाही.

याच्या पुढची पायरी जास्त धोकादायक आहे. आता असं धरा की दारू खरोखरच थोडं नुकसान करते, पिणाऱ्यांत शंभरी १० ऐवजी १२ झटके येतात. म्हणजे कधीही न पिणाऱ्यापेक्षा धोका २० टक्क्यांनी जास्त. कागदावर मात्र १२ विरुद्ध १४ दिसतं. नुकसान करणारी वस्तू फायद्याची ठरते, आणि गणितात कुठेही खोट नसते.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

आलं होतं. १९८८ साली ब्रिटनमधल्या जेराल्ड शेपर, गोया वन्नमेथी आणि मेरी वॉकर यांनी 'लॅन्सेट'मध्येच हा मुद्दा मांडला. त्यांच्याकडे ब्रिटनच्या २४ गावांमधल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांची माहिती होती. त्यांनी न पिणाऱ्यांचा गट उलगडून पाहिला, तर त्यात एकेकाळी पिणारे आणि आजारपण आल्यावर कमी करत करत बंद केलेले लोक भरलेले निघाले. माणूस आजारी पडत जातो तसा पिणाऱ्यांच्या रांगेतून न पिणाऱ्यांच्या रांगेत सरकतो, असं त्यांचं म्हणणं. या दोषाला पुढे 'आजारी पडून सोडणाऱ्यांचा दोष' असं नाव पडलं.

पण तोपर्यंत जे अक्षराचा आलेख सगळ्यांच्या मनात पक्का बसला होता. शिवाय तो सगळ्यांना सोयीचा होता. पिणाऱ्याला, विकणाऱ्याला, आणि पेशंटला नाराज करायला न आवडणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरलाही. शेपर यांचा लेख निघाला त्यानंतर काही वर्षांनी मी पेशंटना 'एखादा पेग चालेल' म्हणत होतो, यावरून ओळखा.

२००६ मध्ये के फिलमोर आणि सहकाऱ्यांनी दारू आणि मृत्यू यांवरचे ५४ अभ्यास या एकाच नजरेने चाळले. न पिणाऱ्यांच्या गटात सोडलेले किंवा कमी केलेले लोक मिसळलेले नाहीत असे अभ्यास निघाले फक्त ७. आणि त्या सातांत बेतानं पिण्याचा फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये त्याच परंपरेतल्या संशोधकांनी १०७ अभ्यास, म्हणजे जवळपास ४८ लाख माणसांची माहिती, एकत्र केली. असे दोष हिशेबात धरून दुरुस्त केल्यावर, थोडी पिणारे कधीही न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं काही उरलं नाही.

पण आजन्म न पिणाऱ्यांशीच तुलना केलेल्या काही अभ्यासांतही फायदा दिसला म्हणतात. तिथे तर आण्णा नाहीत.

प्रश्न बरोबर आहे. तिथे दुसरी भानगड असते.

अमेरिका किंवा युरोपात आयुष्यभर अजिबात न पिणारा माणूस कोण असतो? तिथे जेवणासोबत ग्लास ही साधी रीत आहे. त्यामुळे न पिणाऱ्यांत लहानपणापासून आजारी असलेले, औषधं चालू असलेले, कमी शिकलेले, हाताशी पैसा नसलेले लोक जास्त सापडतात. आणि रोज मोजून एक ग्लास घेणारा? तो बहुतेक वेळा बऱ्या नोकरीतला, विमा असलेला, संध्याकाळी फिरायला जाणारा. २००५ मध्ये टिमोथी नायमी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या टेलिफोन सर्वेक्षणातून हृदयविकाराशी जोडलेल्या ३० गोष्टी तपासल्या. त्यांतल्या २७ गोष्टी न पिणाऱ्यांत जास्त होत्या. म्हणजे ग्लास उचलण्याआधीच दोघांच्या नशिबात फरक होता. ग्लास हे त्या सुखवस्तू आयुष्याचं लक्षण होतं, कारण नव्हतं.

आपल्याकडे उलटं आहे. सांगली जिल्ह्यात न पिणारा माणूस म्हणजे माळकरी असेल, घरची रीत म्हणून न पिणारा असेल, किंवा बहुतेक बायका. न पिणं हे इथे दुबळेपणाचं लक्षण नाही. मग दारू खरंच हृदय राखत असेल तर इथेही राखायला हवी, कारण धमनी काही जात-गाव बघत नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात एकूण जगाचा हिशेब केला तेव्हा दारू थोडी फायद्याची दिसली होती. पण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या पाच देशांचे आकडे २००७ मध्ये वेगळे मांडले, तेव्हा दक्षिण आशियातल्या लोकांत तो फायदा नव्हता. समाज बदलल्यावर जो गुण गायब होतो, तो बाटलीत नसून त्या समाजात असावा, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

आणखी एक खूण सांगतो. अशाच पद्धतीच्या अभ्यासांत बेतानं पिणाऱ्यांना सर्दी कमी होते, ऐकू कमी येण्याचं प्रमाणही कमी असतं, असंही निघालं आहे. एकच औषध कानापासून हृदयापर्यंत सगळ्यावर चालत असेल, तर जत्रेतल्या जडीबुटीवाल्यासारखाच संशय यायला हवा.

मग खरं काय ते कसं कळणार? पिणारा माणूस आणि न पिणारा माणूस नेहमी वेगळेच असणार.

इथे निसर्गाने एक चिठ्ठी टाकून ठेवली आहे.

दारू पोटात गेल्यावर यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या त्रासदायक पदार्थात रूपांतर करतं, आणि मग दुसरं एक विकर त्याचा निकाल लावतं. चीन, जपान, कोरियात अनेकांच्या जनुकात असा बदल असतो की हे दुसरं विकर नीट चालत नाही. अशा माणसाने एक घोट घेतला तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. साहजिकच तो फार पीत नाही. हे जनुक आईबापांकडून कुणाला येईल ते गर्भातच, सोडतीसारखं ठरतं. शिक्षण, पैसा, कावीळ, डॉक्टरचा दम, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. म्हणून 'जनुकामुळे कमी पिणारे' आणि 'जनुकामुळे जास्त पिऊ शकणारे' यांची तुलना केली तर आण्णांची अडचण येतच नाही. कावीळ झाली म्हणून कुणाचं जनुक बदलत नाही.

चीनमध्ये पाच लाखांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा एक प्रकल्प आहे. त्यातल्या सुमारे १ लाख ६० हजार लोकांची अशी जनुकं तपासून २०१९ मध्ये निकाल जाहीर झाला. आधी संशोधकांनी जुन्या पद्धतीने, म्हणजे "किती पिता?" असं विचारून, आलेख काढला. आला तोच ओळखीचा आकार, बेतानं पिणारे सगळ्यांत खाली. मग त्याच लोकांचा आलेख जनुकांवरून काढला. जनुकांनुसार पुरुषांचं सरासरी पिणं आठवड्याला ४ ग्रॅम अल्कोहोलपासून २५६ ग्रॅमपर्यंत बदलत होतं. या आलेखात खळगा नव्हताच. पिणं जितकं जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त. रेषा सरळ वर.

यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे बायका. त्या भागांत बायका जवळजवळ पीतच नाहीत. जर ते जनुक दारूशिवाय दुसऱ्याच कुठल्या वाटेने पक्षाघात घडवत असतं, तर बायकांतही फरक दिसला असता. दिसला नाही. म्हणजे जो फरक होता तो पिण्यातूनच आला.

मर्यादाही सांगायला हवी. पक्षाघात आणि रक्तदाब यांबद्दल निकाल स्वच्छ होता. हृदयविकाराच्या झटक्याबद्दल मात्र जनुकांवरून ना फायदा सिद्ध झाला ना तोटा. त्याआधी २०१४ मध्ये युरोपीय वंशाच्या अडीच लाखांहून जास्त लोकांवर असाच एक अभ्यास झाला होता. तिथे एका वेगळ्या जनुकामुळे कमी पिणाऱ्यांना हृदयविकारही कमी दिसला, अगदी बेतानं पिणाऱ्यांतसुद्धा.

दारूने चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं म्हणतात ना?

वाढतं. एचडीएल खरंच वर जातं, रिपोर्टवर दिसतं. पण एचडीएल वाढलं म्हणजे हृदय वाचलं, हे गृहीत धरणं चुकलं. टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध एचडीएल भरपूर वाढवत होतं. २००६ च्या डिसेंबरात त्याची चाचणी थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. रिपोर्टवरचा आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं, यांत अंतर असतं.

एवढा वाद आहे तर सरळ प्रयोग का करत नाहीत? अर्ध्यांना द्यायची, अर्ध्यांना नाही.

सुरू केला होता. अमेरिकेत सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली सुमारे ७,८०० लोकांना दोन गटांत वाटून, एका गटाने रोज एक ड्रिंक घ्यायचं आणि दुसऱ्याने अजिबात नाही, असं ठरलं. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात, आणि त्यातला बराचसा मद्यकंपन्यांकडून. २०१८ च्या जूनमध्ये तो बंद केला गेला. संस्थेच्याच चौकशीत निघालं की कर्मचाऱ्यांनी नियम मोडून मद्यउद्योगाकडे पैशासाठी शब्द टाकला होता. आणि चाचणीची आखणीच अशी होती की फायदा दिसायला जागा होती, पण कॅन्सर आणि हृदय निकामी होणं हे नीट पकडलं गेलं नसतं.

एक लहान पण खरा प्रयोग मात्र ऑस्ट्रेलियात झाला. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एक आजार आहे, एट्रियल फिब्रिलेशन. मिरजेच्या दवाखान्यांत ईसीजीच्या कागदावर तो रोज दिसतो. हा आजार असलेल्या आणि आठवड्याला दहा किंवा जास्त ड्रिंक घेणाऱ्या १४० जणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला दारू सोडायला सांगितली, दुसऱ्याला आहे तसं चालू ठेवायला. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांना त्रास पुन्हा झाला, चालू ठेवणाऱ्यांत ७३ टक्के. हा निकाल २०२० चा. झटक्याबद्दल वाद घाला हवं तर, पण या आजारात दारूची बाजू घ्यायला काही शिल्लक राहिलेलं नाही.

आमची द्राक्षबाग आहे. द्राक्षाची वाइन तरी चांगली ना?

हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चात, द्राक्षाच्या हंगामात जास्त येतो. पलूसला वाइन पार्क झालं तेव्हाही आला होता, आणि २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवण्याच्या सरकारी निर्णयावर गदारोळ झाला तेव्हा तर दर दुसरा माणूस विचारत होता.

लाल द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचा पदार्थ असतो, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने बऱ्याच आशा दाखवल्या. पण ते प्रयोग ज्या मात्रेवर झाले ती मिळवायला वाइनच्या इतक्या बाटल्या लागतील की हृदयाचा विचार करायला तुम्ही शुद्धीवर नसाल. वाइनमधला हृदयावर परिणाम करणारा मुख्य पदार्थ अल्कोहोलच आहे, आणि तो देशीत असतो तोच. द्राक्षं खायची तर तासगावचे बेदाणे खा. शुगर असेल तर तेही मोजून.

थोडी म्हणजे नक्की किती? मी तर फक्त क्वार्टर घेतो.

इथे पेशंटचं 'थोडी' आणि अभ्यासातलं 'थोडी' यांची गाठच पडत नाही. अभ्यासांत बेताचं म्हणजे दिवसाला साधारण १० ते २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० चे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने ०.७९ ने गुणायचं. आले ६१ ग्रॅम. एका बैठकीत अभ्यासवाल्यांच्या तीन ते सहा दिवसांचा कोटा. साठ मिलीचा मोठा पेग म्हणजे २० ग्रॅम. आणि 'बिअर म्हणजे काय, पाणीच की' म्हणणाऱ्यांसाठी, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम असतं, दोन मोठ्या पेगांएवढं.

आठवड्यातून दोनदा क्वार्टर घेणारा माणूस १२० ग्रॅमच्या वर गेला. २०१८ मध्ये सुमारे सहा लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र करणारा एक अभ्यास आला, त्यात आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे आयुष्य घटू लागलेलं दिसलं. त्याच अभ्यासात पिणं वाढलं तसा झटक्याचा धोका थोडा कमीच दिसला, हे लपवत नाही. पण पक्षाघात, हृदय निकामी होणं आणि बीपीमुळे होणारे मृत्यू पिण्याबरोबर चढत गेले, आणि एकूण हिशेब तोट्यात गेला.

आमचे आजोबा रोज घ्यायचे, नव्वद वर्षं जगले.

आनंद आहे. पण त्यांच्यासोबत बसणारे बाकीचे चौघे कुठे आहेत, तेही विचारा. पंचेचाळिशीत गेलेला माणूस साठीतल्या लोकांचा अभ्यास सुरू होईपर्यंत थांबत नाही, त्यामुळे तो कुठल्याच यादीत येत नाही. जुन्या अभ्यासांचं हेही एक भोक आहे. ते सुरूच व्हायचे उतारवयात, म्हणजे दारू पचवून टिकलेल्या लोकांपासून.

सरकारच परवाना देतं 'आरोग्यासाठी', मग?

महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात 'आरोग्य परवाना' खरंच आहे, प्रकृती राखण्यासाठी विदेशी दारू लागते अशा माणसासाठी. कायदा १९४९ चा आहे. त्यातल्या शब्दाला वैद्यकीय सल्ला समजू नका.

आता सगळे डॉक्टर एकमताचे आहेत का?

नाहीत. जागतिक हृदय महासंघाने २०२२ च्या जानेवारीत सांगितलं की हृदयासाठी दारूची कुठलीही मात्रा चांगली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच जानेवारीत म्हटलं की सुरक्षित अशी मात्राच नाही. पण २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या विज्ञान अकादमींच्या अहवालाने, कधीही न पिणाऱ्यांच्या तुलनेत बेतानं पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी दिसतात, असा निष्कर्ष मध्यम खात्रीने काढला. त्याच अहवालात बायकांत स्तनाचा कॅन्सर वाढतो असंही आहे. त्यांनी सोडलेल्या लोकांना बाजूला ठेवलं होतं, हे मान्य. तरी तो विचारून जमवलेल्या माहितीवरच आधारलेला आहे, आणि सुखवस्तू माणूस व त्याचा ग्लास वेगळे करणं तिथे अवघडच राहतं. माझं मत विचाराल तर, थोड्याशा दारूने तुमचं हृदय बिघडेलच असं मी म्हणत नाही. पण हृदयासाठी म्हणून ती सुरू करा असं सांगायला आता माझ्याकडे पुरावा नाही, आणि बीपीचा पेशंट असाल तर तर नाहीच. दारू कमी केल्यावर बीपी उतरलेलं मी स्वतः कितीदा पाहिलं आहे.

मी रोज घेतो. हे वाचून उद्यापासून एकदम बंद करतो.

थांबा, आधी मला किंवा तुमच्या डॉक्टरला खरं प्रमाण सांगा. वर्षानुवर्षं रोज क्वार्टर-दोन क्वार्टर घेणाऱ्याचा मेंदू दारूवर बेतलेला असतो. ती एकदम तोडली तर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भलतंच बोलू लागतो, नसलेली माणसं दिसू लागतात. हे जिवावर बेतू शकतं. घरचे लोक 'बाहेरचं काहीतरी झालंय' म्हणून अंगारा लावत बसतात आणि वेळ जातो. अशा वेळी सरळ दवाखान्यात आणा. आठवडाभराची औषधं आणि बी-१ ची इंजेक्शनं देऊन हे सुखरूप पार पाडता येतं.

आणि बायको मेडिकलकडे जायची वाट बघू नका. तिच्यासमोरच बोललात तर आकडा बरोबर निघतो. तुम्ही 'एक' म्हणता, तेव्हा ती हळूच दोन बोटं दाखवते.